आखाजी ते मृग: ज्येष्ठ नागरिक संघांना एक खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एकतीस वर्षं औषधनिर्माण अधिकारी होतो. गावातली मंडळी मला 'गोळ्यावाले भाऊ' म्हणायची, अजूनही म्हणतात. कुणाला कोणती लस द्यायची हे ठरवणं माझं काम नव्हतं. लस थंड राहिली का, वेळेवर आली का आणि नोंद नीट झाली का, हे बघायचं काम माझं होतं. निवृत्तीनंतर तुमच्यापैकी पाच-सहा संघांच्या आरोग्य शिबिरांत मी मदतीला बसलो. तिथं जे दिसलं, त्यावरून हे पत्र लिहितो आहे.

मुद्दा एकच आहे. आपल्याकडे मधुमेहाची शिबिरं १४ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाला होतात. मंडप, फित, साखर तपासणी, चहा-पोहे, आणि गेल्या काही वर्षांपासून 'सवलतीच्या दरात फ्लू व निमोनियाची लस'. त्यातली निमोनियाची लस नोव्हेंबरात दिली तर काही बिघडत नाही. फ्लूची लस मात्र तेव्हा देणं म्हणजे पोळा झाल्यावर बैलाला झूल शिवायला टाकणं. खान्देशात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर. नोव्हेंबरपर्यंत तो येऊन गेलेला असतो.

हे मला पुस्तकातून नाही, घरातून कळलं.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. २०२२ साली त्यांचं वय एकसष्ट होतं आणि मधुमेह चौदा वर्षांचा. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.६. फार वाईट नाही, चांगली तर नाहीच. त्या वर्षी श्रावणात कानबाईला घर भरलं होतं. आपल्याकडे कानबाईचे रोट भाऊबंदकीनेच खायचे असतात, त्यामुळे सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेली पोरं त्या रविवारी काहीही करून घरी येतात. सुरतेहून आलेला पुतण्या गाडीतूनच खोकत आला होता. दोन खोल्यांत बावीस माणसं झोपली.

तिसऱ्या दिवशी आप्पांना ताप भरला. अंग दुखतं, घसा धरला, कोरडा खोकला. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. तर म्हणे, "मले काय होते? सर्दीच त आहे." मेडिकलवरून तापाच्या गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, सकाळी बागेत जाऊन आले, वहिनीच्या हातची कळण्याची भाकर मागून खाल्ली. आम्ही निर्धास्त झालो. सहाव्या दिवशी रात्री हुडहुडी भरून पुन्हा ताप आला, उजव्या कुशीत श्वास घेताना सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं आणि सकाळी थुंकीचा रंग विटकरी झाला. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ८७. ग्लुकोमीटरवर साखर ४३८. जेवण जात नव्हतं म्हणून त्यांनी दोन दिवस साखरेच्या गोळ्याही बंद ठेवल्या होत्या, ते आम्हाला दवाखान्यात कळलं.

अकरा दिवस दवाखान्यात गेले. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा झालेला होता. शिरेतून इन्सुलिन, ऑक्सिजन, दोन अँटिबायोटिक आणि थोडे दिवस स्टिरॉइड. ऐन पावसाळ्यात बाग मजुरांच्या भरवशावर राहिली.

या आजाराचा क्रम नीट बघा, कारण दोन वेगळ्या लसी का लागतात याचं उत्तर त्यातच आहे. पहिला ताप फ्लूचा. फ्लूचा विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून काढतो. या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते एरवी कफ आणि जंतू वर ढकलत राहतात. ते गेले की फुप्फुसाचं दार उघडं पडतं. न्यूमोकोकस नावाचा जिवाणू पुष्कळ निरोगी माणसांच्याही नाका-घशात गुपचूप राहतो, विशेषतः लहान मुलांच्या. त्याला ही उघडी वाट सापडते आणि तो खाली उतरतो. म्हणून मध्ये दोन दिवस बरं वाटून पुन्हा ताप चढणं ही धोक्याची खूण असते. ती ज्याच्या घरी दिसेल, त्याने तिसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

यात मधुमेहाचं काय? साखर बराच काळ चढलेली राहिली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात. जिथं जायला हवं तिथं उशिरा पोचतात, पोचल्या तरी नीट मारत नाहीत. आणि उलट बाजूनेही फास आवळतो. ताप आला की शरीर साखर वाढवणारे संप्रेरक सोडतं, साखर चढते, चढलेल्या साखरेमुळे जंतू फोफावतात. आप्पांची साखर नेहमी १८० च्या आसपास असायची, ती ४३८ वर याच चक्रात गेली. वर हृदयाचा भाग वेगळा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू पक्का झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं. मधुमेह्याच्या रक्तवाहिन्या आधीच नाजूक असतात, त्यामुळे आपल्या संघांमधल्या साठी-सत्तरीच्या मधुमेह्यांना ही गोष्ट लागू पडते.

आता वेळेचं गणित मांडतो.

फ्लूचे विषाणू दरवर्षी थोडे रूप पालटतात, म्हणून लस दरवर्षी नव्याने बनते. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू घ्यायचे हे वर्षातून दोनदा सांगते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या हंगामासाठी. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात आहोत. पण युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत पसरतो, तसा महाराष्ट्रात तो पावसाबरोबर येतो. जानेवारी ते मार्चमध्ये एक लहान लाट असते, मोठी पावसाळ्यातच. त्यामुळे आपल्या कामाची लस म्हणजे दक्षिण गोलार्धाची. सप्टेंबरात ठरलेली ही लस कारखान्यातून साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुकानांत येते.

लस घेतल्यावर शरीर तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. पहिले काही महिने संरक्षण चांगलं असतं, सहा महिन्यांनंतर ते बरंच विरतं, आणि वयस्कर मधुमेह्यात ते आणखी लवकर विरू शकतं. आता उलटं मोजा. १५ नोव्हेंबरला दिलेली लस पुढच्या जुलैत आठ महिन्यांची जुनी असते, आणि विषाणूही कदाचित बदललेला असतो. फेब्रुवारीत दिली तर दुकानात तेव्हा बहुधा आदल्या हंगामाचा माल असतो. जुलैत दिली तर अंगात ताकद येईपर्यंत लाट दारात आलेली असते. मधोमध उरतात ते दिवस आखाजी ते मृग, म्हणजे एप्रिलअखेर ते ७ जून. गौराई बसल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुई टोचली, तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तिन्ही महिने संरक्षण भर जोमात असतं. कानबाई आणि पोळा त्यात येतात, गणपतीही बहुधा सापडतात.

म्हणून माझी पहिली विनंती: फ्लूच्या लसीचं शिबिर मधुमेह दिनाच्या कार्यक्रमातून काढा आणि मे महिन्यात ठेवा.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, ज्येष्ठांना मंडपात बसवायचं कसं? सकाळी सात ते दहा ठेवा. पण खरी अडचण माणसांची नाही, लसीची आहे, आणि इथं मला माझ्या धंद्याचं थोडं सांगू द्या.

फ्लूची असो की निमोनियाची, लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. उन्हाने ती खराब होते हे सगळ्यांना कळतं. गोठल्यानेही खराब होते हे कुणी ध्यानात घेत नाही. दोन वर्षांपूर्वी एका संघाच्या शिबिराला एक हौशी सदस्य जळगावहून फ्लूच्या लसीच्या वीस सिरिंज घेऊन आले. ऊन फार म्हणून थर्माकोलच्या डब्यात खाली-वर बर्फाच्या लाद्या आणि मध्ये लसीची खोकी. माझ्यासमोर डबा उघडला तेव्हा खोक्यांवर दव नव्हतं, हिम होतं. सिरिंज उजेडात धरल्या तर पाणी स्वच्छ, काहीच बिघडल्यासारखं दिसेना. ते म्हणाले, "चांगली त दिसू राहिली भो!" दिसतेच. फ्लूची लस गोठून पुन्हा वितळली तरी डोळ्यांना बहुधा काही कळत नाही. निमोनियाची पीसीव्ही जातीची लस ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेली असते, ती गोठली तर हलवून ठेवल्यावर कण लवकर खाली बसतात, जाणकाराला शंका तरी येते. फ्लूच्या लसीत तीही सोय नाही. त्या दिवशी वीसच्या वीस बाजूला ठेवाव्या लागल्या. एका लसीला दोन हजारांच्या आसपास पडले होते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

योग्य पद्धत सोपी आहे. लसीच्या निळ्या डब्यात, म्हणजे व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, बर्फाचे पॅक भरायचे. पण फ्रीजरमधून काढल्याबरोबर नाही. बाहेर ठेवून पॅक घामेजू द्यायचे, कानाशी धरून हलवले की आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे, मगच कॅरिअरमध्ये. मध्ये छोटा थर्मामीटर आणि दर तासाला आकडा कागदावर. मे महिन्यात पॅक बाहेर ठेवले की दहा-पंधरा मिनिटांत घाम फुटतो, हा एक उन्हाचा फायदा म्हणायचा. मेडिकल दुकानातल्या फ्रीजला लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि लस घरी आणून फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याखाली ठेवू नका. दारात ती तापते, कप्प्याखाली गोठते.

दुकानात आणखी एक गोष्ट तपासा. खोक्यावर कोणत्या हंगामाची लस ते इंग्रजीत छापलेलं असतं, वर्षासह. दक्षिण गोलार्धासाठी एसएच आणि उत्तर गोलार्धासाठी एनएच अशी अक्षरं बरेचदा असतात. मे महिन्यात काही दुकानांत आदल्या थंडीचा एनएच माल शिल्लक असतो, त्याची मुदत जून-जुलैपर्यंत असते आणि सवलतीत तोच पुढे येतो. मुदतीत आहे म्हणून चालतो असं नाही. काही वर्षी दोन्हींतले विषाणू सारखे असतात, काही वर्षी नसतात. शिबिरासाठी मागणी नोंदवताना चालू वर्षाची एसएच लस असं लेखी लिहून द्या. खोक्यावर 'तीन प्रकारांची' दिसली म्हणून जुनी समजू नका. बी विषाणूचा यामागाता नावाचा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही, म्हणून चारची पुन्हा तीन प्रकारांची लस झाली आहे. आणि ज्याला लोक स्वाइन फ्लूची लस म्हणतात ती वेगळी नसते, तो विषाणू याच लसीत असतो.

निमोनियाच्या लसीचं घड्याळ निराळं आहे. ती हंगामी नाही, म्हणून महिना महत्त्वाचा नाही. तिथं महत्त्वाचा आहे क्रम आणि दोन सुयांमधलं अंतर.

न्यूमोकोकसचे शंभरहून अधिक प्रकार आहेत. लस त्यातल्या जास्त त्रास देणाऱ्या प्रकारांवर असते. जुनी लस पीपीएसव्ही२३, तेवीस प्रकारांवर चालते, पण ती निव्वळ जिवाणूच्या साखरेच्या कवचापासून बनलेली असते. शरीर तिला उत्तर देतं, पण धडा लक्षात ठेवत नाही. पीसीव्ही जातीच्या लसीत ते कवच एका प्रथिनाला जोडलेलं असतं, त्यामुळे शरीराच्या स्मरणपेशी तयार होतात. पीसीव्ही१३ तेरा प्रकारांवर चालते. आधी पीसीव्ही दिली तर पाया पक्का होतो आणि नंतरची पीपीएसव्ही२३ त्यावर आणखी प्रकारांची भर घालते. उलटं केलं, आधी पीपीएसव्ही दिली, तर नंतरच्या पीसीव्हीला शरीर तितकं उत्तर देत नाही. म्हणून पद्धत अशी: आधी पीसीव्ही१३, किमान एक वर्षाने पीपीएसव्ही२३. कुणाला आधीच पीपीएसव्ही दिली गेली असेल तर रडत बसायचं नाही, एक वर्ष थांबून पीसीव्ही घ्यायची. ज्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत किंवा ज्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्याला वर्षभर थांबवत नाहीत, आठ आठवड्यांनीही दुसरी देतात. मधुमेह्यांमध्ये मूत्रपिंडाचे रुग्ण कमी नाहीत, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वीस प्रकारांची पीसीव्ही२० मिळत असेल तर ती एकच सुई पुरते, पाठोपाठ पीपीएसव्हीची गरज राहत नाही.

आप्पांचं पुढं काय झालं ते सांगतो, म्हणजे हे सगळं एका माणसावर बसवून दिसेल. दवाखान्यातून आले ते ऑगस्टअखेर. वहिनी म्हणाल्या, एकदा निमोनिया झाला, आता लस कशाला? डॉक्टरांनी समजावलं, झाला तो एका प्रकाराचा, बाकीचे आहेतच. तब्येत सावरू दिली, स्टिरॉइडचा असर ओसरू दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पीसीव्ही१३ दिली. तेव्हा आप्पांची उपाशीपोटीची साखर १७० होती. मी विचारलं, साखर आटोक्यात आल्यावर द्यायची का? डॉक्टर हसले. म्हणाले, साखर आटोक्यात येण्याची वाट बघत बसलेले माझे निम्मे पेशंट दुसरा पावसाळा बघतात. वाढलेली साखर हे लस लांबवायचं कारण नाही. लांबवायची ती अंगात ताप असेल तर, बस.

मे २०२३ मध्ये फ्लूची पहिली सुई. नोव्हेंबर २०२३ मध्ये, तेरा महिने झाल्यावर, पीपीएसव्ही२३. मे २०२४ आणि मे २०२५ मध्ये पुन्हा फ्लू. आता पीपीएसव्ही२३ चा आणखी एक डोस राहिला. तो पासष्टी उलटल्यावर आणि पहिल्या डोसला पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, या दोन्ही अटी लागू. आप्पा पासष्टीचे होतील २०२६ मध्ये पण पाच वर्षं भरतील नोव्हेंबर २०२८ मध्ये, म्हणून तारीख २०२८ ची. मी ती त्यांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून ठेवली आहे. मधल्या काळात डॉक्टरांनी पीसीव्ही२० सुचवली तर गणित बदलेल, तो निर्णय त्यांचा.

नोंदीवरून आठवलं. एका शिबिरात एक मावशी आल्या. "निमोनियाची लस झाली माझी," म्हणाल्या, पण कोणती ते ठाऊक नाही. कागद नाही. देणाऱ्याने पीपीएसव्ही२३ दिली. दुसऱ्या दिवशी हात खांद्यापासून कोपरापर्यंत लालभडक, सुजलेला. शोध घेतला तर दहा महिन्यांपूर्वीही पीपीएसव्ही२३ च झाली होती. तीच लस फार लवकर पुन्हा दिली की हातावरचा त्रास जोराचा होतो. चार दिवसांत उतरला, पण मावशी आता कोणतीच लस घेत नाहीत, आणि त्यांच्या गल्लीतल्या सात-आठ जणीही घेत नाहीत. 'निमोनियाची लस झाली' ही नोंद नव्हे. लसीचं पूर्ण नाव, बॅच नंबर, तारीख आणि कोणत्या हाताला, एवढं लिहा. बऱ्याच सिरिंजवर सोलून काढता येणारं लेबल असतं, तेच मधुमेहाच्या फाइलमध्ये चिकटवा.

शिबिराच्या दिवशीच्या काही गोष्टी. फ्लूची आणि निमोनियाची लस एकाच दिवशी, एक डाव्या आणि एक उजव्या हाताला देता येते. जो सदस्य वर्षातून एकदाच गावी येतो त्याला मे महिन्यात दोन्ही देऊन टाकावी. पीसीव्ही आणि पीपीएसव्ही मात्र एका दिवशी नाही. सुई दंडाच्या स्नायूत जाते, पोटावर नाही. इन्सुलिन घेणारे लोक सवयीने शर्ट वर करतात, त्यांना सांगावं लागतं. आणि इन्सुलिनची बारीक सुई स्नायूपर्यंत पोचत नाही, त्यासाठी साधारण एक इंचाची सुई लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. बारीक सुई वापरून नंतर ती जागा दोन मिनिटं न चोळता दाबून धरली की पुरतं. नंतर एक-दोन दिवस हात दुखतो, कधी अंग मोडून येतं, साखर थोडी वर जाते. साखरेच्या गोळ्या बंद करू नयेत, दोन दिवस मीटरवर नजर ठेवावी. लसीने फ्लू होत नाही, इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. नाकात फवारायची जिवंत लस मधुमेह्यांसाठी नाही. पूर्वी फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत हातापायांतली ताकद जाण्याचा गीयाँ-बारे हा आजार झाला असेल, किंवा लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

शिबिराच्या पत्रकावर 'लस घ्या, निमोनिया टाळा' असं छापू नका. माझी ही दुसरी विनंती समजा. फ्लूची लस जुळलेल्या वर्षी साधारण चाळीस ते साठ टक्के आजार टाळते, न जुळलेल्या वर्षी त्याहून कमी. पीसीव्ही१३ चा सर्वांत मोठा अभ्यास नेदरलँड्समध्ये पासष्टीच्या पुढच्या सुमारे ८५ हजार लोकांवर झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा निमोनिया त्यात सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाला आणि रक्तात पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. लसीत नसलेले प्रकार, इतर जिवाणू, आणि आपल्याकडे मधुमेह्यांना गाठणारा क्षयरोग, यांवर ही लस काही करत नाही. लोकांना शंभर टक्के सांगितलं आणि एखाद्याला ताप आला, की पुढच्या वर्षी मंडप रिकामा राहतो.

पैशाचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. सरकारी दवाखान्यात बाळांना सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांवर पीसीव्ही मोफत मिळते. 'तीच आम्हाला द्या,' असं काही सदस्य म्हणतात. तो साठा बाळांच्या मोजणीने येतो, त्याला हात लावू नका. मोठ्यांची पीसीव्ही बाजारातून तीन-चार हजाराला पडते, आणि सगळ्या सदस्यांना एका वर्षात ती जमणार नाही. मग क्रम लावा. आधी पासष्टीच्या पुढचे मधुमेही, मग ज्यांना मधुमेहाबरोबर हृदय, मूत्रपिंड किंवा दम्याचा आजार आहे किंवा जे विडी-सिगारेट ओढतात, मग बाकीचे. नोव्हेंबरच्या कार्यक्रमात पीसीव्ही आणि ज्यांना वर्ष झालं त्यांना पीपीएसव्ही. मे महिन्यात सगळ्यांना फ्लू. फ्लूच्या लसीसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फेब्रुवारीतच अर्ज द्या. जोखमीच्या गटांसाठी साठा येणार आहे का आणि कधी, हे लेखी विचारा. पाऊस पडल्यावर विचारलंत तर उत्तर मिळेपर्यंत पोळा येतो. ज्यांची मे महिन्यात राहून गेली त्यांना ऑगस्टमध्येही द्यावी, नोव्हेंबरात आले तर जानेवारीच्या लहान लाटेसाठी द्यावी, पण मग पुढच्या मे महिन्यात नवीन एसएच लस पुन्हा.

मार्च महिन्याच्या तुमच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. ज्यांना हवं असेल त्यांच्याकडे मी स्वतः येईन, माझ्याकडे दोन व्हॅक्सिन कॅरिअर आणि तीन थर्मामीटर आहेत, ते शिबिराच्या दिवशी वापरायला देईन. येण्या-जाण्याचा खर्च नको. जेवायला भरीत असेल तर बरं.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
रावेर तालुका, जिल्हा जळगाव

ता.क. लस घेतलेल्या सदस्यालाही दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करायला पाठवा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. आप्पांचा खोकला २०२३ च्या थंडीत तीन आठवडे राहिला होता. तपासणी करून घेतली. क्षय निघाला नाही.